पोट कडक होते आहे: सरावाच्या कळा, खऱ्या कळा आणि रुग्णालयात निघण्याची वेळ

नवव्या महिन्यात पोट अधूनमधून आवळल्यासारखे होऊ लागले की गर्भवती स्त्रीला आणि घरच्यांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की ही कळ खरी की खोटी. प्रश्न साहजिक आहे. पण एकाच कळेबद्दल तो विचारला, तर त्याचे उत्तर कोणालाच देता येत नाही. एकेकटी पाहिली तर सरावाची कळ चांगलीच जोरदार असू शकते आणि प्रसूतीची पहिली कळ अगदी सौम्य असू शकते. फरक दिसतो तो कळांच्या रांगेत. त्या तासाभरात जवळ येत आहेत का, लांबत आहेत का, वाढत आहेत का, आणि स्त्रीने काही वेगळे केले तरी त्या तशाच राहतात का, हे पाहावे लागते. म्हणून या लेखात मुख्यतः एक वही, एक घड्याळ आणि एक तास यांच्याबद्दल लिहिले आहे. मात्र काही परिस्थिती अशा असतात की तेव्हा वही उघडायचीच नसते. त्या आधी सांगतो, कारण हा लेख कोणी कळा येत असतानाच वाचत असण्याची शक्यता आहे.

वही उघडण्यापूर्वी

गरोदरपणाचे ३७ आठवडे पूर्ण झालेले नसतील, तर पुढे दिलेला घरी थांबून पाहण्याचा मार्ग लागू होत नाही. त्या काळात तासाभरात चारपेक्षा जास्त वेळा पोट कडक झाले, पाळीत दुखते तसे ओटीपोटात किंवा कंबरेत येऊन-जाऊन दुखू लागले, किंवा खाली दाब वाढल्यासारखे वाटले, तर दुखणे सोसण्यासारखे असले तरी लगेच रुग्णालयाला कळवावे. वेळेआधी सुरू होणाऱ्या कळा बहुधा सौम्यच वाटतात, आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी द्यावयाच्या इंजेक्शनचा पूर्ण उपयोग होण्यास वेळ लागतो. अशा वेळी घरी काढलेले दोन-तीन तास महागात पडू शकतात.

दिवस भरलेले असले तरी पुढील गोष्टींत कळा मोजत बसू नये. पाळीसारखे लाल रक्त अंगावरून जाऊ लागले तर निघावे. पोट लाकडासारखे कडक होऊन सैल पडतच नसेल आणि वेदना मध्ये न थांबता सलग राहत असेल तर निघावे. वार वेळेआधी सुटत असल्याचे ते लक्षण असू शकते, आणि त्यात रक्त बाहेर दिसतेच असे नाही. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा स्पष्टपणे कमी झाली असेल तरीही निघावे. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून बाळ शांत होते, असे घरोघरी सांगितले जाते, पण ते खरे नाही. हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, ढुशीऐवजी वळवळ किंवा सरकणे जास्त जाणवते. हालचाल कमी मात्र व्हायला नको. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगड्यांखाली जोराचे दुखणे, ताप, आणि पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणाजवळ कळ ओसरल्यावरही टिकणारे दुखणे, या तक्रारींतही कळांचा हिशेब गौण ठरतो.

पाणमोट फुटण्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे येईलच. येथे त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण तिला वेळ अजिबात नसतो. पाणी गेल्यावर मायांगात किंवा बाहेर दोरीसारखे काही लागले किंवा दिसले, तर ती नाळ असू शकते. तिला हात लावू नये, आत ढकलू नये. रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत स्त्रीने गुडघे व छाती जमिनीला टेकवून कंबर उंच ठेवावी, म्हणजे बाळाच्या डोक्याचा नाळेवरचा दाब कमी होतो.

यांपैकी काहीही नसेल, दिवस भरलेले असतील, बाळ डोक्याकडून खाली असेल आणि डॉक्टरांनी वेगळी सूचना दिलेली नसेल, तर आता वही घ्यावी.

पोट कडक होते म्हणजे काय होते

गर्भाशय हा स्नायू आहे, आणि कोणत्याही स्नायूप्रमाणे तो आवळतो आणि सैल पडतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून वैद्यकीय भाषेत सरावाच्या कळांना त्यांच्या नावाने ओळखतात. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांपासूनच या कळा येत असतात. त्या जाणवू लागतात त्या बहुधा शेवटच्या तिमाहीत, आणि ज्यांचे आधी बाळंतपण झाले आहे त्यांना अधिक लवकर व अधिक ठळकपणे. अंगातले पाणी कमी पडणे, मूत्राशय भरलेले असणे, दिवसभराचे श्रम, शरीरसंबंध, किंवा बाळाने जोरात पाय मारणे, इतके कारण त्यांना पुरते.

खऱ्या कळांत याहून वेगळे काही घडते. गर्भाशयाच्या वरच्या भागातले तंतू आवळतात आणि प्रत्येक कळेनंतर पूर्वीच्या लांबीला परत न जाता किंचित आखूडच राहतात. त्यामुळे खालचा भाग आणि गर्भाशयाचे तोंड कळेगणिक वर ओढले जाते. साधारण तीन-चार सेंटिमीटर लांबीचे ते जाड तोंड आधी पातळ होते आणि मग दहा सेंटिमीटरपर्यंत उघडते. खऱ्या कळेची अंतिम व्याख्या हीच आहे, की तिच्यामुळे गर्भाशयाचे तोंड बदलते. ते घरी पाहता येत नाही. घरी दिसतात त्या फक्त त्याच्या खुणा. त्यामुळे घरचा निष्कर्ष हा नेहमी अंदाजच असतो, आणि रुग्णालयात गेल्यावर तो चुकला असे कळले तर त्यात ओशाळण्यासारखे काही नाही.

पहिली पायरी: कळेला थांबण्याची संधी द्या

कळा जाणवू लागल्या की लगेच मोजायला बसण्याची घाई करू नये. आधी लघवी करून मूत्राशय रिकामे करावे. मग दोन पेले पाणी सावकाश प्यावे. त्यानंतर ज्या अवस्थेत कळा सुरू झाल्या तिच्या उलट करावे: चालताना किंवा काम करताना सुरू झाल्या असतील तर डाव्या कुशीवर पडावे, पडून असताना सुरू झाल्या असतील तर उठून थोडे चालावे. कोमट पाण्याने अंघोळ करणेही चांगले. या साऱ्याला अर्धा ते एक तास द्यावा.

सरावाच्या कळा बहुधा या उपायांनी विरळ होतात किंवा थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. पडल्यावर त्यांच्यातले अंतर थोडे वाढू शकते आणि चालल्यावर त्या जोर धरतात, पण त्या येतच राहतात. या पायरीचा दुसराही उपयोग आहे. तो अर्धा तास पडून राहिल्याने बाळाच्या हालचालीकडे लक्ष जाते. दोन तासांत दहा हालचाली जाणवणे हा एक ढोबळ हिशेब आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजची हालचाल त्या बाळाच्या नेहमीच्या सवयीसारखी आहे की नाही. ती नसेल तर आकडा पुरा होण्याची वाट पाहू नये.

दुसरी पायरी: हाताने पाहणे

नुसत्या जाणिवेवर विसंबण्याऐवजी पोटावर हात ठेवून पाहिले तर बराच गोंधळ टळतो. बोटांची टोके पोटाच्या वरच्या भागावर, बरगड्यांच्या थोडे खाली ठेवावीत आणि कळ आली की हलकेच दाबून पाहावे. नाकाच्या शेंड्याइतका कडकपणा लागला तर कळ सौम्य, हनुवटीइतका लागला तर मध्यम, आणि कपाळासारखा लागून बोट मुळीच आत रुतत नसेल तर कळ जोरदार, अशी प्रसूतिकक्षातली जुनी तुलना आहे, आणि ती घरीही चालते. पोटाचा एकच भाग टणक लागला आणि बाकी मऊ राहिला, तर बहुधा ती बाळाची पाठ किंवा ढुंगण असते, कळ नव्हे. कळेत गर्भाशय सगळीकडून सारखे आवळते.

यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी कळ ओसरल्यानंतरची आहे. दोन कळांच्या मध्ये पोट पुन्हा मऊ झालेच पाहिजे. ते होत नसेल तर वही मिटून निघावे, हे वर सांगितलेच आहे.

दुखण्याची जागाही लक्षात घ्यावी. सरावाची कळ बहुधा पोटाच्या पुढच्या भागात, पट्टा आवळावा तशी जाणवते. खरी कळ पुष्कळदा कंबरेतून सुरू होऊन पुढे ओटीपोटात उतरते, कधी मांड्यांपर्यंत जाते. पण या एका खुणेवर निर्णय करू नये. कित्येक स्त्रियांना खऱ्या कळाही फक्त पुढेच जाणवतात. उलट बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळा अनियमित असूनही कंबर मात्र सतत दुखत राहते.

तिसरी पायरी: मोजणे

मोजण्यात सर्वाधिक चूक होते ती अंतराची. दोन कळांमधले अंतर एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत धरतात, पहिली संपल्यापासून नव्हे. दोन वाजता सुरू झालेली कळ दोन वाजून एक मिनिटाने संपली आणि पुढची दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली, तर अंतर पाच मिनिटांचे आहे, चारचे नाही. कळेची लांबी मात्र तिच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत सेकंदांत मोजावी.

वहीत तीनच रकाने पुरतात: सुरुवातीची वेळ, लांबी, आणि कळेत काय करता येत होते. हा तिसरा रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, पण माझ्या मते तो पहिल्या दोहोंइतकाच बोलका असतो. कळेत बोलता येत होते, हसता येत होते, की वाक्य अर्धवट सोडून श्वासाकडे लक्ष द्यावे लागले, हे त्यात लिहावे. लिहिण्याचे काम स्त्रीने स्वतः करू नये. जवळच्या माणसाने करावे. मोबाइलवरील मोजणीची ॲप सोयीची असतात, पण ती फक्त आकड्यांवरून 'आता निघा' असा संदेश देतात. त्यांना ना आठवडे ठाऊक असतात, ना रुग्णालयाचे अंतर, ना आधीचे सिझेरियन.

दिवसभर सतत मोजत राहणे हीदेखील एक चूकच. सहा-सात कळा मोजाव्यात, वही बाजूला ठेवावी, आणि तऱ्हा बदलल्यासारखी वाटली की पुन्हा सहा-सात मोजाव्यात. सुरुवातीच्या टप्प्यात प्रत्येक कळेवर नजर ठेवून घरातले सगळेच जागे राहिले, तर खरे काम सुरू होईपर्यंत सगळेच दमलेले असतात.

दोन रात्रींची एक वही

एका पहिलटकरणीचे उदाहरण घेऊ. ते समजण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातला क्रम प्रसूतिकक्षात नेहमी दिसणारा आहे. तिला ३९ वा आठवडा पूर्ण होऊन एक दिवस झाला आहे, गुंतागुंत काही नाही, आणि रुग्णालय घरापासून गाडीने चाळीस मिनिटांवर आहे.

पहिल्या संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांनी पोट कडक झाले, पंचवीस सेकंद राहिले. नंतरच्या कळा ७.१६, ७.२२, ७.४१ आणि ७.४९ ला आल्या. म्हणजे अंतरे चौदा, सहा, एकोणीस आणि आठ मिनिटांची. लांबी वीस ते चाळीस सेकंदांच्या दरम्यान वरखाली होत राहिली, आणि सर्वांत लांब कळ दुसरी होती, शेवटची नव्हे. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'बोलता आले' असेच आहे. त्या दिवशी ती बराच वेळ उभी राहून काम करत होती. तिने लघवी केली, पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडली. पुढच्या पाऊण तासात दोनच कळा आल्या आणि मग त्या थांबल्या. या सरावाच्या कळा होत्या. येथे सहा मिनिटांचे ते एक अंतर पाहून निघण्याचा मोह होतो, पण एका अंतराला अर्थ नसतो.

हीच वही ३४ व्या आठवड्यात लिहिली गेली असती, तर निर्णय उलटा झाला असता. पाऊण तासात पाच कळा म्हणजे वेळेआधीच्या प्रसूतीची शंका. पाणी पिऊन पडून राहत असतानाच रुग्णालयाला फोन करायला हवा होता. आकडे तेच, पण आठवडा वेगळा.

तिसऱ्या रात्री ती एक वाजता कंबरदुखीने जागी झाली. लघवी, पाणी, कूस बदलणे, कोमट अंघोळ सगळे करून झाले, तरी दुखणे येत-जात राहिले. दोन वाजल्यापासून नवऱ्याने लिहायला घेतले: २.००, २.११, २.२१, २.३२, २.४१, २.५१. अंतरे अकरा, दहा, अकरा, नऊ, दहा. लांबी पस्तीस ते पंचेचाळीस सेकंद. कळा अजून विरळ होत्या, पण आता त्यांना ठेका आला होता. ही प्रसूतीच्या सुरुवातीच्या टप्प्याची वही आहे. या वेळी पहिलटकरणीला, बाकी सारे ठीक असेल तर, रुग्णालयात धाव घेण्याची गरज नसते. तिने थोडे हलके खाल्ले, कळांच्या मधल्या वेळात डुलक्या काढल्या, आणि त्यांनी मोजणे थांबवले. सामान आणि कागदपत्रे मात्र त्याच वेळी दाराशी आणून ठेवली.

साडेचारला पुन्हा मोजले: ४.३०, ४.३७, ४.४३, ४.५०, ४.५६, ५.०२. अंतरे सात, सहा, सात, सहा, सहा. लांबी पन्नास सेकंदांच्या पुढे, आणि तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच 'बोलणे थांबले' असे आले. पोट हाताला हनुवटीपेक्षा कडक लागत होते आणि मध्ये पूर्ण मऊ पडत होते. बाळ हलत होते.

पहिलटकरणीसाठी सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा असा आहे: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ सुमारे एक मिनिटाची, आणि ही स्थिती सलग एक तास. या हिशेबाने तिला अजून अवकाश होता. पण तो ठोकताळा रुग्णालय जवळ आहे असे धरून केलेला आहे. चाळीस मिनिटांचा प्रवास, त्याआधी आवरण्यात जाणारा वेळ आणि वाटेतली अडचण मिळून जो तास जातो, तो कोठून तरी वजा करावाच लागतो, आणि तो थांबण्याच्या तासातूनच करायचा असतो. तिने पाच वाजून पाच मिनिटांनी रुग्णालयाला फोन केला, साडेपाचला ती निघाली, आणि सव्वासहाला तपासणी झाली तेव्हा कळा पाच मिनिटांवर आल्या होत्या व गर्भाशयाचे तोंड पातळ होऊन चार सेंटिमीटर उघडले होते. घरी तासभर थांबून ती निघाली असती तरी बहुधा पोहोचली असती. पण शेवटच्या जोरदार कळा तिने गाडीत काढल्या असत्या.

ठोकताळा कोणाला लागू नाही

पाच मिनिटांचा हिशेब पहिलटकरणीचा आहे. तिच्यात गर्भाशयाचे तोंड आधी पातळ होते आणि मग उघडते, त्यामुळे सुरुवातीचा टप्पा लांबतो. आधी बाळंतपण झालेल्या स्त्रीत या दोन्ही गोष्टी बरोबरच होतात आणि नंतरचा वेग पुष्कळ जास्त असतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी कळांना ठेका आला आणि त्या वाढत आहेत असे दिसले, की अंतर आठ-दहा मिनिटांचे असले तरी फोन करून निघण्याची तयारी करावी. आधीचे बाळंतपण फारच झटपट झालेले असेल तर ठेक्याचीही वाट पाहू नये.

पूर्वी सिझेरियन झालेले असणे, जुळी, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, रक्तदाब वा मधुमेहाचा त्रास, वार खाली असल्याचे निदान, किंवा सिझेरियनची तारीख आधीच ठरलेली असणे, यांपैकी काही असेल तर नियमित कळा सुरू होताच निघावे. तारीख ठरलेली असेल तर निघण्यापूर्वी खाण्याबद्दल फोनवरच विचारून घ्यावे.

पाणी आणि चिकट स्राव

गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट, जेलीसारखा पदार्थ शेवटच्या दिवसांत बाहेर पडतो. त्यात गुलाबी किंवा तपकिरी रेघ असू शकते. त्यानंतर कळा काही तासांत सुरू होतील किंवा कित्येक दिवसांनी. त्यामुळे केवळ त्यावरून निघण्याचे कारण नाही. चिकट पदार्थापेक्षा रक्तच जास्त असेल तर मात्र तो रक्तस्राव समजावा.

पाणमोट फुटल्यावर नेहमीच धो-धो पाणी वाहते असे नाही. पुष्कळदा ते थोडे थोडे झिरपते आणि लघवी सुटल्यासारखे वाटते. शंका असेल तर लघवी करून यावे, स्वच्छ कोरडा पॅड लावावा आणि अर्धा तास हिंडावे-फिरावे. पॅड पुन्हा ओला झाला आणि त्याला लघवीचा वास नसेल, तर ते गर्भजल असण्याची शक्यता मोठी. त्याचा रंग निर्मळ किंवा फिकट पिवळसर असतो. ते हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आतच शी केलेली असते आणि लगेच निघावे लागते. दुर्गंधी येत असेल, रक्त मिसळलेले असेल किंवा दिवस भरलेले नसतील, तरीही तसेच.

पाणी निर्मळ असेल आणि दिवस भरलेले असतील तरी फोन ताबडतोब करावा, कळा नसल्या तरीही. बहुतेकींना पुढच्या चोवीस तासांत कळा आपोआप सुरू होतात, पण जसजसा वेळ जातो तसतसा संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून किती थांबायचे हे रुग्णालयानेच ठरवावे. पाणी गेल्याची वेळ आणि रंग वहीत लिहावा, तो पॅड दाखवायला सोबत न्यावा, आणि शरीरसंबंध टाळावेत.

फोनवर काय सांगावे

'कळा येत आहेत, येऊ का?' या प्रश्नावर पलीकडच्या परिचारिकेला दहा प्रश्न विचारावे लागतात. त्याऐवजी एका दमात सांगावे: किती आठवडे झाले, कितवे बाळंतपण, कळा केव्हापासून, शेवटच्या सहा कळांची अंतरे आणि लांबी, पाणी गेले का, रक्त आहे का, बाळ हलते आहे का, आधीचे सिझेरियन किंवा दुसरा त्रास, आणि घरापासून पोहोचायला लागणारा वेळ. शक्य असेल तर स्वतः स्त्रीनेच बोलावे. अनुभवी परिचारिका आकड्यांइतकेच तिच्या श्वासाकडे आणि मध्येच तुटणाऱ्या वाक्यांकडे कान देते. नातेवाईक जेव्हा 'फार दुखते आहे' असे सांगतात, तेव्हा त्यातून फारसे काही कळत नाही. ती स्वतः बोलता बोलता थांबली की कळते.

फोन न लागल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास, फोनची वाट पाहत घरी थांबण्यापेक्षा निघणे बरे.

वाटेत खाली जोर करावासा वाटू लागला, शौचाला लागल्यासारखा न आवरणारा दाब आला, तर गाडी दामटत नेऊ नये. बाजूला थांबवून रुग्णवाहिका बोलवावी आणि स्त्रीला कुशीवर झोपवावे. बाळ तिथेच आले तर ते पुसून कोरडे करावे, आईच्या छातीवर उघड्या अंगाला लावून दोघांना पांघरूण घालावे. नाळ कापू नये आणि ओढू नये.

परत पाठवले तर

रुग्णालयात आधी रक्तदाब, नाडी आणि तापमान पाहतात, पोटाला पट्टे लावून बाळाच्या हृदयाचे ठोके व कळा काही वेळ नोंदवतात आणि मग आतून तपासणी करतात. गर्भाशयाचे तोंड किती पातळ झाले, किती उघडले आणि बाळाचे डोके किती खाली आले, हे त्या तपासणीत कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार प्रसूतीचा जोमाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला जातो. त्याआधीचा टप्पा किती चालेल याला ठराविक मर्यादा नाही आणि तो स्त्रीगणिक वेगळा असतो.

त्यामुळे दोन सेंटिमीटरवर 'घरी जाऊन या' असे सांगितले गेले, तर त्याचा अर्थ कळा खोट्या होत्या असा नेहमी होत नाही. शंका असेल तर थोडे हिंडायला सांगून दोन-चार तासांनी पुन्हा तपासतात. तोंड बदलले असेल तर कळा खऱ्या, नसेल तर अजून सराव.

घरी परतताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आज आतून काय दिसले, कोणत्या बदलावर परत यायचे, आणि दुखणे कमी करण्यासाठी काय घेतलेले चालेल. न विचारता घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. दिवस भरताना आयबुप्रोफेनसारखी औषधे बाळाला अपायकारक ठरू शकतात. घरी पोहोचल्यावर वहीत नवे पान सुरू करावे, कारण पहिल्या तपासणीनंतरच्या कळा आधीच्या रांगेत मिसळल्या तर बदल दिसत नाही. त्या तपासणीनंतर काही वेळ थोडा गुलाबी-तपकिरी स्राव होणे आणि कळा वाढल्यासारख्या वाटणे नेहमीचे आहे. लाल रक्त, पाणी किंवा मंदावलेली हालचाल मात्र नेहमीची नाही, आणि तपासून येऊन तासच झाला असला तरी त्यासाठी पुन्हा जावे.